वाचक, लेखनिक, वेळ आणि सादरीकरण : गटातली कामं फिरती कशी ठेवायची

वर्गात गट पाडले की पहिल्या पाच मिनिटांत कामाची वाटणी आपोआप होते. ज्याचं वाचन चांगलं तो पुस्तक हातात घेतो, जिचं अक्षर सुंदर ती लिहायला बसते आणि बोलका मुलगा शेवटी उभा राहून सांगतो. उरलेला चौथा इतरांकडे बघत बसतो. पुढच्या आठवड्यात गट तोच असेल तर वाटणीही तीच राहते. वर्षअखेरीला चांगलं वाचणाऱ्याचं वाचन आणखी चांगलं झालेलं असतं आणि बघत बसणारा आहे तिथेच असतो.

यावर उपाय म्हणून अनेक शिक्षक कामं फिरवतात. पण फिरवण्याआधी कोणत्या कृतीला कोणाकडे काय येणार, हे ठरवावं लागतं. ते ठरलं नाही तर पहिल्या दोन तासांनंतर जुनीच वाटणी परत येते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावरच्या एखाद्या गावातला सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणून हे नियोजन टप्प्याटप्प्याने पाहू. वर्गात 24 मुलं, चौघांचे सहा गट, विषय गावाजवळची फड पद्धती आणि कृती चार, असं धरू.

परिपाठात आणि गटात फरक कुठे

पाळी ही गोष्ट आपल्या शाळांना नवी नाही. सकाळच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा ही कामं पाळीने दिली जातात. तरी बोधकथा बहुतेक वेळा चांगलं वाचणाऱ्याकडेच जाते आणि अडखळणाऱ्याच्या वाट्याला एका ओळीचा सुविचार येतो, हे कोणत्याही शिक्षकाने पाहिलेलं असतं.

परिपाठात एखाद्याचं काम बिघडलं तरी दुसऱ्याचं अडत नाही. गटात मात्र वाचकाने सूचना अर्धवट वाचली तर लेखनिक चुकीचं लिहितो आणि सादरकर्ता तेच चुकीचं सांगतो. इथे प्रत्येक काम दुसऱ्या कामाला जोडलेलं असल्यामुळे चारही कामांची व्याख्या आधी स्पष्ट करावी लागते.

चार कामं, नेमकी काय

वाचक सूचना आणि उतारा मोठ्याने वाचतो. वाचून झाल्यावर तो गटातल्या एकाला विचारतो, "आपल्याला काय करायचंय ते तू सांग." उत्तर चुकलं तर तो भाग पुन्हा वाचतो. हा प्रश्न विचारल्याशिवाय वाचकाचं काम पूर्ण झालं असं धरायचं नाही.

लेखनिक गटाचं बोलणं लिहितो, स्वतःचं उत्तर लिहीत नाही. लिहिण्याआधी तो वाक्य मोठ्याने म्हणतो आणि बाकीच्यांनी होकार दिला की लिहितो. हा नियम नसेल तर लेखनिक गप्प बसून स्वतःच पान भरतो आणि बाकीचे मोकळे राहतात.

वेळ सांभाळणारा, म्हणजे मुलांच्या भाषेत टाइमकीपर, तीनदा बोलतो : अर्धा वेळ झाल्यावर, पाच मिनिटं उरल्यावर आणि वेळ संपल्यावर. पहिल्या दोन वेळा त्याने "आपण कितव्या पायरीवर आहोत?" हेही विचारायचं. वर्गात घड्याळ नसेल तर शिक्षकाने सुरुवातीची वेळ फळ्यावर लिहावी आणि स्वतःचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवावं.

सादरकर्ता गटाने काय ठरवलं ते वही मिटून, स्वतःच्या शब्दांत एका मिनिटात सांगतो आणि दुसऱ्या गटाच्या एका प्रश्नाचं उत्तर देतो. वही मिटण्याची अट महत्त्वाची आहे. वही उघडी असली की तो लेखनिकाचं अक्षर वाचत बसतो आणि सादरीकरणाचं पुन्हा वाचन होतं.

तक्ता : कोण कधी काय

गटातल्या चार जागांना 1 ते 4 असे क्रमांक द्या आणि पुढचा तक्ता मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा.

कृती 1 : वाचक 1, लेखनिक 2, वेळ 3, सादरकर्ता 4
कृती 2 : वाचक 2, लेखनिक 3, वेळ 4, सादरकर्ता 1
कृती 3 : वाचक 3, लेखनिक 4, वेळ 1, सादरकर्ता 2
कृती 4 : वाचक 4, लेखनिक 1, वेळ 2, सादरकर्ता 3

चार कृतींत प्रत्येकाला चारही कामं एकेकदा मिळतात. या क्रमाचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. आज जो सादरकर्ता आहे, तो मागच्या कृतीत वाचक होता. तासाच्या सुरुवातीला सादरकर्त्याला विशेष काम नसतं, त्यामुळे तो आजच्या वाचकाशेजारी बसून अडलेला शब्द सांगू शकतो. मदतनीस वेगळा नेमावा लागत नाही आणि मदत करणारा कायम एकच "हुशार" मुलगा राहत नाही.

क्रमांक देताना मुलांची ओळख उपयोगी पडते. क्रमांक 1 कडे पहिल्याच कृतीत वाचन येतं, म्हणून तिथे बरं वाचणारा द्यावा. ज्याला वाचन अवघड जातं पण बोलायला आवडतं, त्याला क्रमांक 4 द्यावा. त्याची सुरुवात सादरीकरणाने होते आणि वाचनाची पाळी येईपर्यंत त्याने तिघांचं वाचन ऐकलेलं असतं. चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या मुलीला क्रमांक 3 द्यावा, तिचं सादरीकरण शेवटच्या कृतीत येतं. हे क्रमांक का दिले, ते मुलांना सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी ते नुसते आकडे असतात.

चार कृती : फड पद्धतीचा अभ्यास

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत फड पद्धती कित्येक पिढ्यांपासून चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाला चाऱ्या आणि चाऱ्यांच्या पाण्यावर भिजणारे शेतीचे मोठे तुकडे म्हणजे फड, अशी तिची रचना. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फडांची पिकं बदलायची, हे गाव मिळून ठरवतं. पाणी सोडण्याचं काम पाटकऱ्याकडे आणि राखणीचं जागल्याकडे असतं. मुलांच्या घरी हे शब्द कानावर पडलेले असतात, म्हणून विषय निवडला. तो चार वेगवेगळ्या प्रकारच्या कृतींत विभागता येतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

पहिल्या कृतीत फड पद्धतीवरचा साधारण दीडशे शब्दांचा उतारा वाचून बंधाऱ्यापासून शेतापर्यंत पाण्याच्या वाटेचं चित्र काढायचं. या कृतीत वाचनाचा भार सगळ्यांत जास्त आहे आणि तो क्रमांक 1 उचलतो.

दुसऱ्या कृतीत मातीचा प्रयोग आहे. एक लिटरच्या दोन प्लास्टिक बाटल्या मधोमध कापायच्या, वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा आणि तोंडाला कापड बांधायचं. एका बाटलीत 200 ग्रॅम काळी माती, दुसरीत तेवढीच वाळूमिश्रित माती घ्यायची. दोन्हींत 100 मिली पाणी ओतून दर दोन मिनिटांनी खाली किती उतरलं ते दहा मिनिटं मोजायचं. काळी माती आधी कुटून चाळून घ्यावी. ढेकळं राहिली तर त्यांच्या फटींतून पाणी भराभर खाली जातं आणि काळी माती पाणी धरत नाही, असा उलटा निष्कर्ष निघतो.

तिसऱ्या कृतीत चार फड, चार पिकं आणि चार वर्षं घेऊन असा तक्ता भरायचा की कोणत्याही फडात एक पीक दोनदा येणार नाही आणि कोणत्याही वर्षी एकच पीक दोन फडांत येणार नाही. इथे सूचना थोडक्यात आहे आणि विचार जास्त. तक्ता भरून झाला की भिंतीवरच्या कामांच्या तक्त्याकडे बोट दाखवावं. दोन्हींची मांडणी एकच आहे. फडाच्या जागी मुलं, पिकाच्या जागी कामं आणि वर्षाच्या जागी कृती. आपली पाळी कोणत्या हिशेबाने येते, ते मुलांना इथे समजतं.

चौथ्या कृतीत गावातले जुने पाटकरी किंवा एखादे आजोबा वर्गात बोलवायचे. प्रत्येक गटाने सहा छोटे प्रश्न तयार ठेवायचे आणि पाणी कमी असलेल्या वर्षी काय ठरवलं जायचं, ते समजून घ्यायचं. प्रश्न वाचायचे आहेत क्रमांक 4 ला. ते लहान आहेत, गटाने स्वतः तयार केलेले आहेत आणि आदल्या दिवशी घरी नेता येतात. वाचनाची भीती असलेल्या मुलाची पाळी अशा सोप्या वाचनाच्या दिवशी यावी, म्हणूनच कृतींचा हा क्रम ठेवला आहे.

एका तासाचा हिशेब

चाळीस मिनिटांचा तास असेल तर पहिली पाच मिनिटं बसणं, साहित्य घेणं आणि तक्त्यावर आपलं काम पाहणं यांत जातात. वीस मिनिटं कृतीला. पुढची आठ मिनिटं सादरीकरणाला. उरलेल्या वेळात प्रत्येक मूल आपल्या वहीत एकट्याने एका प्रश्नाचं उत्तर लिहितं.

सहा गटांनी एकामागून एक सादर केलं तर वेळ पुरत नाही आणि चौथ्या गटापासून कोणी ऐकतही नाही. म्हणून गटांच्या तीन जोड्या कराव्यात. एका जोडीतले दोन गट एकमेकांना सादर करतात, तिन्ही जोड्यांचं काम एकाच वेळी चालतं. सहाही सादरकर्त्यांना बोलायला मिळतं आणि सगळ्या वर्गासमोर उभं राहण्याचं दडपणही कमी होतं.

शेवटचं एकट्याचं उत्तर कधीही वगळू नये. मातीच्या प्रयोगात वेळ सांभाळणाऱ्याला दर दोन मिनिटांनी हाक द्यायची असते. तो घड्याळात इतका गुंततो की कोणत्या बाटलीतून पाणी आधी खाली आलं, हे त्याला सांगता येत नाही. आपलं काम नीट करूनही विषय हातून सुटू शकतो. ते फक्त एकट्याने लिहिलेल्या उत्तरातून कळतं.

बिघडतं कुठे, आणि ते कसं ओळखायचं

शिक्षकाने प्रत्येक गटाजवळ दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. मातीच्या प्रयोगाच्या वेळी एका गटात साधारण असं ऐकू येतं :

"आण इकडे, मी लिहितो. तुला वेळ लागतो."

"आज माझी पाळी आहे."

"अगं, पण दोन मिनिटं झाली ना. आकडा राहील."

पेन्सिल हातातून काढून घेतली गेली की काम फिरलं फक्त कागदावर. बहुतेक वेळा यामागे दादागिरी नसते, वेळ कमी पडेल ही भीती असते. म्हणून लेखनिकाचं लिहिणं कमी करावं. आकड्यांची चौकट आधीच आखून द्यावी, म्हणजे हळू लिहिणाऱ्यालाही दोन मिनिटांत एक आकडा भरता येतो. बोलून समजावण्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो.

दुसरी खूण सादरीकरणाच्या आधी दिसते. सादरकर्ता लेखनिकाला विचारतो, "काय लिहिलंय आपण?" म्हणजे वीस मिनिटं तो गटात नव्हताच. अशा गटात अर्ध्या वेळेला वेळ सांभाळणाऱ्याने सादरकर्त्याला विचारायचं, "आतापर्यंत काय ठरलं ते सांग." एवढ्या एका प्रश्नाने त्याला ऐकत राहावं लागतं.

तिसरी खूण कृतीतच असते. एकटा मुलगा पाच मिनिटांत संपवू शकेल असं काम गटाला दिलं तर कामं कितीही फिरवली तरी तो एकटाच ते संपवतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी 1986 साली गटकार्यावर पुस्तक लिहिलं. गटात ज्याला सगळे हुशार मानतात तो जास्त बोलतो, जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो, आणि त्यामुळे आधीचं अंतर वाढत जातं, हे त्यांनी त्यात मांडलं. कामं वाटून दिल्याने प्रत्येकाला बोलायचं कारण मिळतं. मात्र काम असं हवं की त्याला अनेक प्रकारची कौशल्यं लागतील. मातीच्या प्रयोगात मोजणारे, बघणारे आणि लिहिणारे हात वेगवेगळे लागतात, म्हणून तिथे फिरत्या कामांना अर्थ येतो. दहा गुणाकार सोडवायचे असतील तर गटही नको आणि कामंही नकोत.

गैरहजेरी

खानदेशात कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी गटातलं एखादं मूल नसणं ठरलेलंच. त्या दिवशी कोणाचीही पाळी पुढे सरकवायची नाही, नाहीतर पूर्ण तक्ता विस्कटतो. नियम सोपा ठेवावा. लेखनिक, वेळ सांभाळणारा किंवा सादरकर्ता नसेल तर ते काम वाचक करतो, कारण त्याचं मुख्य काम सुरुवातीलाच आटोपलेलं असतं. वाचकच नसेल तर सादरकर्ता वाचतो.

गैरहजर मुलाच्या चौकटीत तक्त्यावर एक गोल काढून ठेवावा. ती त्याची बाकी. तो परत आला की एखाद्या छोट्या कामात, परिपाठातल्या बातमी वाचनातसुद्धा, ती भरून घ्यावी. वेचणीला जाणाऱ्या मुलांची वाचनाचीच पाळी वारंवार हुकते आहे का, हे या गोलांवरून लगेच दिसतं.

गट तिघांचा किंवा पाचांचा असेल तर

वर्गात 26 मुलं असतील तर चार गट चौघांचे आणि दोन पाचांचे होतात. पाचव्याला प्रश्नकर्ता करावं. प्रत्येक निर्णयावर त्याने एकदा तरी "हे कशावरून?" असं विचारायचं. मात्र पाच कामांची फेरी पाच कृतींत पूर्ण होते, म्हणून त्या दोन गटांसाठी पाचवी छोटी कृती ठेवावी. तिघांच्या गटात वाचन आणि वेळ एकाकडे द्यावी. लेखन आणि वेळ एकत्र देऊ नये, कारण लिहिणाऱ्याला घड्याळाकडे बघायचं भान राहत नाही.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीची मुलं एकाच गटात असतील तर मोठं मूल कायम वाचक होऊन बसतं. तिथे पाळी बदलायची नाही, वाचायचा मजकूर बदलायचा. तिसरीतल्या वाचकाच्या दिवशी सूचना चार ओळींच्या आणि मोठ्या अक्षरांत असाव्यात. पहिली-दुसरीत मात्र चार कामं जास्त होतात. तिथे साहित्य आणणारा आणि सांगणारा, एवढी दोन पुरेत.

अहिराणी, पावरी आणि वाचकाची पाळी

धुळे-जळगावच्या वर्गात प्रमाण मराठी ही अनेक मुलांची घरची बोली नसते. पांझरेच्या आणि गिरणेच्या पट्ट्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर-चोपड्यात पावरी आणि भिली. वाचकाची पाळी या मुलांना सगळ्यांत जड जाते.

म्हणून वाचकाने मजकूर पुस्तकातल्या मराठीत वाचावा, आणि "काय करायचंय ते सांग" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही बोलीत चालावं. फडाचा उतारा वाचून झाल्यावर एखाद्याने "पानी पहिले कोनले भेटस?" असं विचारलं तर गटाला मुद्दा कळला आहे, असं समजावं. लेखनिक ते मराठीत लिहितो, तेव्हा शब्द शोधायचं काम चौघं मिळून करतात. तोंडी सादरीकरणही पहिल्या फेरीत बोलीत होऊ द्यावं. दुसऱ्या फेरीत तेच मूल प्रमाण मराठीत सांगू लागलं तर त्याची प्रगती कुठे झाली, हे शिक्षकाला नेमकं दिसतं.

पहिली फेरी संपल्यावर

चार कृती होईपर्यंत गट आणि क्रमांक बदलू नयेत. एखाद्याने आपलं काम वाईट केलं म्हणून मध्येच काढून घेतलं तर पुढची पाळी तो मनापासून करत नाही. फेरी संपली की चौघांनी बसून प्रत्येक कामाबद्दल एक गोष्ट लिहावी : यात काय अवघड गेलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. मग नवे गट, नवे क्रमांक आणि दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीतच खरी सुधारणा दिसते, कारण पहिल्या वेळी मूल फक्त काम समजून घेत असतं.

तिसऱ्या फेरीच्या सुमाराला काही गटांत तक्ता न बघता मुलं पुढचं काम उचलतात, थांबलेल्याला विचारतात, वेळेची आठवण एकमेकांना देतात. अशा गटांचे क्रमांक काढून टाकावेत आणि त्यांना मोकळेपणाने काम करू द्यावं. दोन तासांत पुन्हा एकच आवाज ऐकू येऊ लागला तर क्रमांक परत द्यावेत. शिक्षकाच्या नोंदवहीत प्रत्येक गटापुढे एवढीच खूण पुरेशी आहे : आज कोण बोललं आणि पेन्सिल कोणाच्या हातात होती.